एकशे ऐंशी दिवस आणि बेचाळीस खोकी

मस्कतला आम्ही चौदा वर्षं राहिलो. मी सरकारी इस्पितळात नर्स होते आणि हे एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचे. दोन सुटकेसा घेऊन गेलेल्या माणसांकडे चौदा वर्षांत किती सामान साठतं, ते परत निघायचं ठरेपर्यंत आमच्या लक्षात आलं नव्हतं. पलंगाखाली, कपाटावर, बाल्कनीत, जिथे हात घालावा तिथे काहीतरी निघायचं. तीन कुकर निघाले. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कुणी घेतला यावर आम्ही अर्धा तास भांडलो.

आम्ही परत निघालो तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. शहराला पाणी रेल्वेच्या वाघिणीतून आलं तोच. ह्यांनी दीड वर्षापूर्वी आठ महिने सुट्टी काढून लातूरला घर बांधून घेतलं होतं, तेव्हा बोअरला साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं म्हणून पेढे वाटले होते. त्या उन्हाळ्यात तो बोअर नुसती हवा ओकत होता. लोक म्हणत, अशा वेळी माणसं लातूर सोडून चाललीत आणि तुम्ही येताय. पण आम्हाला यायचंच होतं, कारण माझी माय आजारी होती.

मायच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. धाकटा भाऊ तिला लातुरातच न्यायचा, पण पाण्याची ओढ सुरू झाल्यावर तिथल्या फेऱ्या पुढे-मागे व्हायला लागल्या. डायलिसिसच्या एका फेरीला शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं, ते टँकरच्या भरवशावर किती दिवस चालणार. म्हणून तिला नांदेडला माझ्या नणंदेकडे ठेवलं. नांदेडला गोदावरी होती, तिच्यातही फार नव्हतं, पण होतं. नणंदेनं एका शब्दानं कुरकूर केली नाही. त्या बाईचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

तर गोष्ट अशी होती, की मला मायजवळ राहायचं होतं आणि कागद मला राहू देत नव्हता.

तो कागदाचा नियम आम्हाला सामान पाठवणाऱ्या एजंटानं सांगितला. एजंट मूळचा हैदराबादचा, मस्कतच्या रुवी भागात त्याचं छोटं ऑफिस होतं. बोलायला लागला की मला उदगीरच्या बाजारातल्या अत्तरवाल्याची आठवण यायची, त्याच्या दखनी हिंदीतले 'नको' आणि 'हौ' ऐकून मी निम्मी घरी पोचायचे. त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं, "आपा, पिछले दो साल में इंडिया कितने दिन रहे?"

मी म्हटलं, का?

त्यानं समजावलं. कायमचं परत येणाऱ्या कुटुंबाला घरच्या वापरलेल्या सामानावर कस्टमची सवलत मिळते. त्यासाठी निदान दोन वर्षं सलग बाहेर राहिलेलं असावं लागतं, आणि त्या दोन वर्षांत भारतातल्या सगळ्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांच्या वर जायला नकोत. त्याच्या वर गेलं की सवलत गेली, मग जुन्या भांड्याकुंड्यांनाही ड्यूटी. पासपोर्टावरचे शिक्के मोजतात. "छे महीने के ऊपर नको जाओ, बस," तो म्हणाला.

ह्यांची सवलत तर घर बांधायच्या आठ महिन्यांतच उडाली होती. राहिला माझा पासपोर्ट. घरचं सगळं सामान माझ्या नावावर जाणार होतं.

हे स्टोअरकीपर माणूस. त्या संध्याकाळी त्यांनी माझा पासपोर्ट घेतला, चष्मा लावला आणि माझ्या फेऱ्यांची बेरीज केली. उतरल्याचा दिवसही धरला, निघाल्याचाही धरला, आणि सुरक्षित म्हणून सहा महिन्यांचे एकशे ऐंशी धरले. मायच्या आजारपणामुळे मी दोन वर्षांत सहा वेळा जाऊन आले होते. बिनपगारी रजा घेऊन राहिले होते. बेरीज एकशे सेहेचाळीस आली. त्यांनी ती आकाशी कागदावर लिहून फ्रिजला चुंबकाने लावली: शिल्लक चौतीस.

आता कुणी म्हणेल, सामान ते काय, विकून टाकायचं. आम्हीही तो विचार केला. पण लातूरचं घर रिकामं होतं, बांधण्यातच सगळं गेलं होतं. मुलगा दहावीला जाणार होता. मी परत आले की मला लगेच नोकरी लागेल याची खात्री नव्हती. चौदा वर्षांत घेतलेली प्रत्येक वस्तू पुन्हा घ्यायची म्हटली तर घर उभं राहायला पाच वर्षं लागली असती. आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते सामान हवंही होतं. आमच्यासारख्या घरातून आलेल्या माणसांना आपल्या घामाच्या कपाटाची माया असते, त्याला कुणी हसू नये.

एजंटाकडे दोन रस्ते होते. एक, अख्खा कंटेनर आपल्यासाठी. तो वीस फुटांचा, आमच्या सामानानं निम्माही भरला नसता. दुसरा, वाटणीतला कंटेनर. तीन-चार घरांचं सामान एकाच कंटेनरात, ज्यानं जितकी जागा घेतली तितकं त्यानं भाडं द्यायचं, घनमीटरनं. स्वस्त पडतं, पण सगळ्यांचं सामान गोळा होऊन कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं. मुंबईच्या बंदरावर तो गोदामात उघडतात, ज्याचं त्याचं सामान वेगळं करतात, आणि ज्यानं त्यानं आपापले कागद दाखवून सोडवून न्यायचं. म्हणजे आपले कागद चोख असले तरी कंटेनर उघडायचा दिवस आपल्या हातात नाही. आम्ही वाटणीतलाच घेतला. एस. टी.त तिघांच्या बाकावर चौघं बसून वाढलेली माणसं आम्ही.

मग यादी सुरू झाली. खोक्याला नंबर, आत काय, किती नग, जुनं की नवं, आजची किंमत. कस्टमसाठी एक आणि विम्यासाठी एक. विम्याच्या यादीत ती वस्तू मोडली तर तशीच दुसरी घ्यायला काय पडेल ते लिहायचं. दोन्हींत खोक्यांचे नंबर आणि नग जुळले पाहिजेत, नाहीतर उद्या एखादी गोष्ट हरवली तर ती मुळात होती का इथूनच वाद. हे काम ह्यांनी इतक्या भक्तिभावानं केलं की मला त्यांच्या कंपनीची दया आली. 'स्टीलचे चमचे, वापरलेले, सव्वीस.' मी म्हटलं, सत्तावीस आहेत. ते उठून मोजायला गेले. सत्तावीसच निघाले.

यादीची एक प्रत मी एप्रिलच्या फेरीत नांदेडला घेऊन गेले. काम म्हणून नेली होती, पण ती मायच्या हाती लागली आणि तिचं वाचनच झालं. डायलिसिसची चार तास सुई लागलेली असताना माणसानं करायचं काय? मी खुर्ची ओढून बसायचे आणि यादी वाचायचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकायची आणि आमच्या लातूरच्या घरात एकेक वस्तू लावत जायची.

"फ्रिज कुठं ठेवून राहिलीस?"

"स्वयंपाकघरात, दारामागं."

"दारामागं नको. दार उघडलं की आदळंल. खिडकीपाशी ठिव."

"बरं. खोकं नंबर अकरा, कुकर, तीन नग."

"तीन?" ती डोळे उघडायची. "तीन कुकर कशाला गं? तीन जेवणारी माणसं."

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा, भोकरकडचा शेतकरी होता, तोही ऐकायचा. एकदा त्यानंच मला आठवण करून दिली की मागच्या फेरीला आपण अठराव्या खोक्यावर थांबलो होतो.

धुण्याच्या मशिनीवरून मात्र मायनं मला धारेवर धरलं. एका धुण्याला किती पाणी लागतं, तिनं विचारलं. मी सांगितलं. तशी ती म्हणाली, "लातुरात माणसं घागरीसाठी रातभर रांगेत बसून राहिलीत, अन् तू धुण्याची मशीन आणणार. लोकं दगडं मारतील." मशीन यादीतून गेली. तिच्या जागेवर ह्यांनी झाकणाचे दोन मोठे निळे ड्रम घेतले. घनमीटर तेवढाच राहिला.

ड्रम रिकामे पाठवायचे हे मायला पटेना. रिकामं भांडं दारात आणू नये, शेजारणीची वाटीसुद्धा परत करताना तिच्यात चिमूट साखर टाकायची, ही तिची रीत. डब्यांत मूठ मूठ ज्वारी टाक, म्हणाली. मी सांगितलं, माय, धान्य, बी-बियाणं, पीठ काही चालत नाही, तपासणीवाले अडवतात, सगळ्यांचं सामान खोळंबतं. "मूठभर ज्वारीनं?" तिनं विचारलं. मूठभर ज्वारीनंच, मी म्हटलं. तिला ते सरकारचं अति वाटलं. शेवटी एजंटाच्या माणसांनीच तोड काढली. त्यांचाही नियम होता की भाडं जागेचं, तर रिकामं काही जाऊ द्यायचं नाही. ड्रमात गाद्या-उशा, पातेल्यांत टॉवेल, कुकरांत मोजे. फोनवर हे सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "मोजे? जाऊ दे, रिकामं तर न्हाई."

पत्त्याचीही एक गंमत झाली. माझा जन्म मागच्या मोठ्या दुष्काळातला, उदगीरजवळच्या खेड्यातला. तेव्हा लातूर हा जिल्हाच नव्हता. शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, पासपोर्टावर जिल्हा लातूर. एजंटाला वाटलं मी दोन बायका आहे. त्याला जिल्हा कसा फुटला ते समजावून सांगावं लागलं. वरून त्या वर्षीही गावाकडे बोलणं होतंच की आता उदगीर जिल्हा होणार, होणार, झालाच. मायला विचारलं तर म्हणाली, "लातूर जिल्हा झाला तवा म्या मिरवणूक बघितली. नळाला पानी येईल म्हणले होते." आणि हसली. हसताना तिला धाप लागायची.

मागच्या मोठ्या दुष्काळात माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, मी पोटात असताना. तिथे हजेरीपट असे. मुकादमानं खाडा लिहिला की तो दिवस गेला, मग तुम्ही दिवसभर उन्हात हातोडा मारलेला का असेना. कुणी भांडायचं नाही, कारण भांडणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पटावर नसायचं. त्यातून माय जे शिकली ते तिनं आम्हाला शिकवलं: कागदाशी हुज्जत घालायची न्हाई. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून तिनं आम्हा दोघा भावंडांना शिकवलं, शाळेत घातलं, आणि वर हेही शिकवलं. ह्यांच्या घरी नांदेडलाही तेच होतं. आम्ही दोघं नियम पाळणारी माणसं. रांगेत उभं राहायचं, पावती जपून ठेवायची, साहेबाला दुसरा प्रश्न विचारायचा नाही. सहा महिन्यांच्या वर गेलं तर पुढे काय, काही उपाय असतो का, हे आमच्या दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. एजंटालाही आम्ही विचारलं नाही. वर नको म्हणजे नको.

मायच्या पाण्याची गोष्ट सांगायची राहिली. डायलिसिसला किती पाणी लागतं हे तिला तिथल्याच कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं. "येवढं पानी मी एकटी पिऊन राहिले," म्हणायची. दर फेरीच्या सकाळी तिचं सुरू व्हायचं: आज नको, उद्या जाऊ, आज बरं वाटतंय. नणंद बिचारी भावजयीच्या आईला रागावणार कशी. भाऊ लातुरात नोकरीवर. मी असले की मात्र तिचं काही चालायचं नाही. मी नर्सच्या आवाजात बोलायचे, "ऊठ माय, रिक्षा आली." ती शिव्या द्यायची आणि उठायची. त्या फेरीत मी तेवीस दिवस राहिले आणि तिची एकही वेळ चुकू दिली नाही. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. शेवटच्या दिवसांत ती नणंदेच्या अंगणात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती.

चोविसाव्या दिवशी मी निघाले. माझी रजा अजून बाकी होती. मेट्रननं महिनाअखेरपर्यंत राहा म्हणून सांगितलं होतं. पण ह्यांचा फोन आला. ते नेहमीच्या शांतपणे म्हणाले, "आजचा निघण्याचा दिवस धरून एकशे सत्तर होतील. दहा दिवस हातात ठेव. पुढं लागतील."

कशाला लागतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. माय गेली तर मला यावं लागणार होतं, आणि त्यासाठी दिवस शिल्लक हवे होते.

मायला सांगितलं तेव्हा तिनंच मला घाई केली. "जा. तुझ्या सामानाचं व्हायचं ते नीट होऊ दे. मे सरला की येशीलच की कायमची." मी तिला बजावलं, एकही फेरी चुकवायची नाही. हाव म्हणाली. नणंदेलाही बजावलं. माय दारापर्यंत आली आणि मी रिक्षात बसताना म्हणाली, "विसाव्या खोक्याच्या पुढचं फोनवर वाच."

मस्कतला परतल्यावर पॅकिंगची माणसं आली. फ्रिज आणि रोजच्या वापराचं शेवटच्या आठवड्यासाठी ठेवून बाकी सगळं बांधलं; दोन दिवस घरभर चिकटपट्टीचा आवाज. चिनी मातीची भांडी ते कागदाच्या गुंडाळ्यांत अशी बांधत होते की मला बाळंतवॉर्डात बाळं गुंडाळायची आठवण झाली. एक खोकं मात्र मी स्वतःच बांधलं. त्यात मायनं शिवलेल्या दोन वाकळी होत्या, तिच्याच जुन्या लुगड्यांच्या. आम्ही मस्कतला आलो तेव्हाच्या दोन सुटकेसांपैकी एकीत त्याच होत्या. परक्या माणसानं त्या घडी घालाव्यात असं वाटेना. एजंटानं सावध केलं, की मालकानं स्वतः बांधलेलं खोकं विम्याच्या कागदावर तसं वेगळं नोंदवतात. अख्खं हरवलं तर भरपाई, आत काही मोडलं-फाटलं तर जबाबदारी नाही, कारण कसं बांधलं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. वाकळ मोडत नाही, मी म्हटलं. मग किंमत विचारली. मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले, तर त्यानं आपल्या मनानं 'जुनं पांघरूण, दोन' असं लिहून एक आकडा टाकला. मी सही केली.

फोनवर मी मायला विसाव्या खोक्याच्या पुढचं वाचत होते. तिचा आवाज बरा वाटायचा. डायलिसिसला गेली होतीस का, विचारलं की हाव म्हणायची. चौतिसाव्या खोक्यापर्यंत आलो होतो.

मी निघाल्याच्या नवव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. माय पहाटे गेली. मागच्या दोन फेऱ्या तिनं चुकवल्या होत्या. पहिल्यांदा बरं वाटतंय म्हणून, दुसऱ्यांदा नणंदेला सांगितलं की लेकीला विचारलं, उद्या चालतं म्हणाली. त्याआधी ती माझ्याशी कधी खोटं बोललेली मला आठवत नाही.

मी पोचले तोवर सगळं झालं होतं. चाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात किती थांबणार. मी पाच दिवस राहिले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गावाकडची माणसं आली, येताना बाटल्यांतून आपापलं पाणी घेऊन आली. सहाव्या दिवशी मी विमानात बसले. ह्यांनी मला विमानतळावरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा कागद बदलला होता. शिल्लक चार.

त्याचा मला तेव्हा राग आला नाही. माणूस दुःखात हाताला येईल ते काम करतो, ह्यांच्या हाताला बेरीज आली.

मेअखेरीस व्हिसा रद्द झाला, नोकरी सोडल्याचं पत्र मिळालं, आणि आम्ही तिघं लातूरला आलो. कंटेनर आमच्या मागून दोन आठवड्यांनी निघाला. चौथ्या घराचं सामान यायचं थांबलं होतं. आपण पोचल्यापासून महिन्याच्या आत सामान तिकडून निघालेलं असावं लागतं, त्यामुळे ह्यांच्या जिवाला घोर. ते रोज एजंटाला फोन करायचे. जुलैत बंदराचा निरोप आला आणि आम्ही दोघं पनवेलच्या बसमध्ये बसलो. ह्यांच्या मांडीवर फाइल होती. पासपोर्ट, त्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, खोक्यांची यादी, जहाजाची पावती, विम्याचा कागद, व्हिसा रद्द केल्याचा कागद, नोकरीचं पत्र. आणि मागच्या कप्प्यात नांदेडच्या दवाखान्याचे सगळे कागद, कारण ते कुठे ठेवावेत हे आम्हाला कळलं नव्हतं आणि टाकवतही नव्हते.

सामान माझ्या नावावर, म्हणून साहेबांपुढे मला जायचं होतं. बंदरावरचा आमचा कागदपत्रं करणारा माणूस सोबत होता. हे खाली गोदामात खोकी मोजत राहिले.

कस्टमचे साहेब वयस्कर होते, मराठी बोलणारे. त्यांनी यादी वाचली, तीन कुकर पाहून नुसती भुवई वर केली. तीन-चार खोकी उघडून घेतली होती, त्यांचा शेरा पाहिला. टीव्ही-फ्रिजला कमी दराची ड्यूटी लावली. मग पासपोर्ट घेतला आणि शिक्के मोजायला लागले. पेन्सिलीनं बारीक बारीक लिहीत होते. 

"एकशे शहात्तर," ते म्हणाले. "अगदी काठावर आलात की."

"मोजूनच राहिले होते, साहेब."

"इतक्या फेऱ्या कशासाठी?"

आई आजारी होती, मी सांगितलं. डायलिसिसवर होती. मेच्या सुरुवातीला गेली.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चांगला माणूस असावा. मला बरं वाटावं म्हणूनच ते पुढचं बोलले. "तसं वर गेले असते दिवस, तरी अर्ज करता आला असता. आजारपणासारखं कारण असलं तर आयुक्त जास्तीचे दिवस माफ करू शकतात. नियमातच आहे ते. मिळेलच असं नाही सांगत, पण अशा केसमध्ये बहुतेक देतात."

मी विचारलं, कागद काय लागले असते?

"दवाखान्याचे," ते म्हणाले. त्यांचा हात आमच्या फाइलीवरच होता. मागच्या कप्प्याचे कागद त्यांनी अंगठ्यानं जरा उचलून पाहिले. "हे आहेत की. एवढे पुरले असते."

मग त्यांनी शिक्का मारला आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

मी जिन्यावर थोडा वेळ उभी राहिले. मेट्रननं महिनाअखेरपर्यंतची रजा दिली होती. मी नांदेडला थांबले असते, तर त्या दोन सकाळी मी घरात असते. ऊठ माय म्हटलं असतं, आणि ती शिव्या देत उठली असती. पुढे किती जगली असती ते मी नर्स असून सांगू शकत नाही. पण त्या आठवड्यात ती गेली नसती, हे मला माहीत आहे. आम्ही ते दहा दिवस तिच्या मरणासाठी राखून ठेवले होते, म्हणून ते तिच्या जगण्याला मिळाले नाहीत.

खाली हे उन्हात उभे होते. हातात यादी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बेचाळीसच्या बेचाळीस खोकी मिळाली होती, एकही फुटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी मी समाधान पाहिलं.

"काय म्हणाले साहेब? दिवसांचं काही निघालं का?"

"बरोबर आहेत म्हणाले."

"मी म्हणत होतो ना," ते म्हणाले. "चार दिवसांनी वाचलो आपण."

मी हो म्हटलं. दिवस मोजणारे ते होते, पण मायला सोडून निघालेली मी होते, आणि साहेबाला जो प्रश्न विचारायचा तो दोघांनीही विचारला नव्हता. ते ओझं एकट्यानं उचलता येण्यासारखं होतं, मग दोघांनी कशाला वाहायचं. ट्रक भरून झाल्यावर आम्ही तिथल्या टपरीवर चहा घेतला, आणि त्यांनी दोन्ही याद्या घडी घालून फाइलीत ठेवल्या. त्यांना मी अजूनही सांगितलेलं नाही.